पाकिटावरचा एक रुपया

आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. आपण आत पाचशेची नोट सारतो, पाकीट बंद करतो आणि आहेर ५०१ रुपयांचा होतो. हिशेबाने पाहिलं तर पाचशे आणि पाचशे एक यांत फरक तो किती? तरी ते नाणं गळून पडलेलं असेल तर पाकीट देताना हात अडखळतो. पर्समध्ये शोधून आपण दुसरं नाणं आत टाकतो. बाजारात त्या रुपयाला काहीही येत नाही, आणि तरीही पाकिटावर बसल्याबरोबर तो इतर रुपयांसारखा राहत नाही.

अशी कोरी पाकिटं आमच्या कपाटाच्या खणात पडून होती. गेल्या वर्षी त्यातली तीन काढली आणि पेन्सिलीने वर लिहिलं: किराणा-भाजी, बाहेरचं खाणं, पेट्रोल. एक तारखेला प्रत्येकात ठरलेली रोकड भरायची, ज्या कामाचा खर्च त्याच कामाच्या पाकिटातून करायचा, आणि पाकीट रिकामं झालं की त्या कामावरचा खर्च पुढच्या एक तारखेपर्यंत थांबवायचा. पद्धत एवढीच. आपल्या आज्या हेच डाळीच्या डब्यात आणि लुगड्याच्या घडीत करत होत्या. मला मात्र ती वापरू लागल्यावर कळलं की तिन्ही पाकिटं दिसायला सारखी असली तरी आत तीन वेगळी कामं चाललेली असतात. एक पाकीट महिन्याचे तुकडे पाडतं, दुसरं हात धरतं आणि तिसरं फक्त खरं काय ते सांगतं. त्या तीन कामांविषयी सांगण्याआधी, मुळात एक कागदी पाकीट माणसाला थांबवू कसं शकतं, ते पाहू.

हरवलेली नोट, हरवलेलं तिकीट

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लोकांना एक साधा प्रश्न विचारला. तुम्ही नाटकाला निघालात, तिकीट दहा डॉलरचं आहे. दाराशी पोचल्यावर कळलं की खिशातली दहा डॉलरची एक नोट वाटेत पडली. तरीही तिकीट काढाल का? ८८ टक्के लोक म्हणाले, काढू. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न थोडा बदलून विचारला: तिकीट आधीच काढलं होतं आणि तेच हरवलं, तर दहा डॉलर देऊन पुन्हा काढाल का? आता फक्त ४६ टक्के लोक हो म्हणाले.

नुकसान दोन्हीकडे दहा डॉलरचंच आहे. पण हरवलेली नोट कुठल्याच खात्यावर लिहिलेली नव्हती. हरवलेलं तिकीट मात्र 'नाटक' या खात्यावर पडलं होतं, आणि दुसरं घ्यायचं म्हणजे त्या खात्यात नाटक वीस डॉलरला पडणार होतं. ही खाती कुणी वहीत मांडलेली नव्हती. ती डोक्यात होती, आणि माणसं ती इमानाने पाळत होती.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली या मनातल्या खात्यांवर सविस्तर लिहिलं आणि पुढे २०१७ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं जुनं गृहीतक असं की पैशाला नाव नसतं. भाड्याचा रुपया जेवणालाही चालतो आणि जेवणाचा भाड्यालाही. थेलर एक गोष्ट सांगतो. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन हे नट उमेदवारीच्या काळात कडकीत दिवस काढत होते. हॉफमनने हॅकमनकडे उसने पैसे मागितले. हॅकमन द्यायला तयारही झाला. मग हॉफमनच्या स्वयंपाकघरात गेल्यावर त्याला ओट्यावर बरण्यांची रांग दिसली. एकीवर भाडं लिहिलेलं, दुसरीवर वीज-पाणी, आणि आत पैसे. एवढे पैसे असताना उसने कशाला, असं त्याने विचारलं, तेव्हा हॉफमनने जेवणाच्या बरणीकडे बोट दाखवलं. ती रिकामी होती.

भुकेल्या माणसानेसुद्धा भाड्याच्या बरणीत हात घातला नाही, या गोष्टीत पाकिटाची सगळी ताकद आहे. पाकिटाला कुलूप नाही, पहारा नाही. मन आधीच भिंती घालत असतं. पाकीट त्या भिंतीला कागदाचं अंग देतं, म्हणजे ती डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू सगळ्या भिंती एकाच फोनच्या काचेवर पुसल्या गेल्या. कोथिंबीर, मिसळ आणि पेट्रोल, तिन्हींचे पैसे एकाच खात्यातून, एकाच चार-सहा आकडी पिनने जातात. किती गेले ते साउंडबॉक्स मोठ्याने सांगतो, पण किती उरले ते कुणीच सांगत नाही. नोटेने पैसे देताना उरलेलं आपोआप दिसतं, कारण एक नोट काढताना बाकीच्या बोटांना लागतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमस्टर या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तपासलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी खरी बोली लावली. अर्ध्यांना सांगितलं होतं की पैसे रोख द्यावे लागतील, उरलेल्यांना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. तिकीट तेच, विद्यार्थी त्याच वर्गातले, फक्त पैसे देण्याची रीत वेगळी. आपलं यूपीआय म्हणजे कार्ड नव्हे, पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात. पण बोटांना काही लागत नाही, ही गोष्ट दोन्हींत सारखीच आहे.

आधी तीन महिने मागे पाहिलं

पाकिटात किती घालायचं, हा पहिला प्रश्न. बरेच जण इथे मनाला येईल तो गोल आकडा धरतात आणि वीस तारखेला पद्धत मोडीत काढतात. आम्ही पगार, हप्ते, शाळेची फी, दूधवाल्याचं बिल हे सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त या तीन खर्चांचे मागचे तीन महिने बँकेच्या नोंदींतून वहीत उतरवले. पुण्यात राहणारं चौघांचं घर: मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. एक स्कूटर, एक गाडी. महिन्याची सरासरी अशी निघाली: किराणा-भाजी १३,४०० रुपये, बाहेरचं खाणं ७,२००, पेट्रोल ४,३००.

पहिल्या महिन्यासाठी किराण्याला १३,००० ठेवले, बाहेरच्या खाण्याला ५,००० आणि पेट्रोलला ३,३००. एकूण २१,३०० रुपये. ही रक्कम एटीएममधून काढली तर बहुतेक पाचशेच्याच नोटा हातात येतात, म्हणून बँकेच्या खिडकीवर जाऊन शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा मागून घेतल्या. कुठल्या पाकिटात कुठली नोट, याला महत्त्व आहे, ते पुढे सांगते.

किराणा: महिन्याचे तुकडे

किराण्याच्या पाकिटाची अडचण अशी की हा खर्च सपाट नसतो. एक तारखेला वाण्याकडे यादी जाते आणि तांदूळ, कणीक, डाळी, तेल, साखर, चहा, साबण असं सगळं एकदम येतं. त्यानंतर महिनाभर भाजी, फळं, अंडी, पाव आणि मधेच संपलेला एखादा जिन्नस. तेरा हजार एकाच पाकिटात ठेवले तर वाण्याचं बिल देऊनही पाच तारखेला ते भरलेलं दिसतं, हात सैल सुटतो, आणि बावीस तारखेला तळ लागतो.

म्हणून १३,००० मधले ६,००० वाण्याच्या यादीसाठी वेगळे काढले. उरलेले ७,००० पाच छोट्या पाकिटांत वाटले: १ ते ७, ८ ते १४, १५ ते २१ आणि २२ ते २८ या तारखांच्या प्रत्येक पाकिटात १,६००, आणि २९ पासून महिनाअखेरीच्या दोन-तीन दिवसांसाठी ६००. महिना चार आठवड्यांचा धरून सात हजारांचे चार भाग केले असते, तर शेवटचे दोन-तीन दिवस कुठल्याच पाकिटात बसले नसते. ही चूक फार जण करतात आणि आपल्याला ही पद्धत जमत नाही असं समजतात.

तुकडे पाडल्याने रक्कम वाढत नाही, मग फरक का पडावा? दिलीप सोमण आणि अमर चीमा या दोन संशोधकांनी याचं उत्तर भारतातच शोधलं. खेड्यात रोखीने मजुरी मिळणाऱ्या कामगारांच्या पगारातली थोडी रक्कम बचत म्हणून पाकिटात बंद करून देण्यात आली. काहींना ती एका पाकिटात मिळाली, काहींना तेवढीच दोन पाकिटांत विभागून. दोन पाकिटंवाल्यांची बचत जास्त टिकली. काही पाकिटांवर त्या कामगाराच्या मुलांचा फोटो लावलेला होता, त्यांची बचत आणखी टिकली. कारण साधं आहे. पाकीट एकदा फोडलं की त्यातला उरलेला पैसा खर्चून जातो, तिथे नव्याने विचार होत नाही. पाकिटं दोन असली तर दुसरं फोडताना पुन्हा एकदा थांबावं लागतं. पाकिटाची प्रत्येक कड म्हणजे विचाराची एक जागा.

हे मला भाजीच्या पाटीसमोर रोज जाणवतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते, तेव्हा आमच्याकडे पाकिटं नव्हती. आम्ही कुरकुरत टोमॅटो घेत राहिलो आणि महिन्याचं बिल वाढलं. आता भाजी महागली की आठवड्याचं पाकीट लगेच बोलू लागतं. बुधवारी आठशे उरायला हवेत आणि साडेचारशेच आहेत, म्हणजे काहीतरी बदललं पाहिजे. सासूबाई आमटीत टोमॅटोऐवजी आमसूल टाकतात, पालेभाजीच्या दोन जुड्यांऐवजी एक जुडी येते आणि जोडीला मटकी भिजते. महिनाअखेरीला कळणारी गोष्ट बुधवारी कळते, आणि बुधवारी तिच्यावर इलाज असतो.

या पाकिटात शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा हव्यात. भाजीवालीपुढे पाचशेची नोट धरली की मोड नसते, मग 'फोन पे करा ना ताई' असं येतं आणि पाकीट तिथेच फसतं.

रक्कम कमी पडली तर ती मुळात कमी ठरवली होती की हात सैल सुटला, हे ओळखायची एक खूण आहे. तीन महिने पाहावं. दर महिन्याला तोच आठवडा कमी पडत असेल तर आकडा चुकला आहे. दर वेळी वेगळा आठवडा कमी पडत असेल तर सवय तपासायला हवी. आमचा पहिला आठवडा सतत कमी पडायचा, कारण वाण्याच्या यादीत राहून गेलेल्या वस्तू त्याच आठवड्यात आठवायच्या. यादीसाठीचे ६,००० वाढवून ६,४०० केले, मोठ्या आठवड्यांतले प्रत्येकी शंभर कमी केले, आणि ते दुखणं गेलं.

बाहेरचं खाणं: हात धरणारं पाकीट

वहीत उतरवण्याआधी आमची खात्री होती की ७,२०० रुपये रविवारच्या जेवणांत जातात. नोंदी वेगळंच सांगत होत्या. महिन्यात पाच मोठी बिलं होती, सरासरी साडेआठशेची, म्हणजे ४,२५०. उरलेले जवळजवळ तीन हजार तीस-पस्तीस लहानलहान वेळांत गेले होते: ऑफिसखालचा चहा, वडापाव, क्लासबाहेरचं सँडविच, परतताना घेतलेलं भेळेचं पार्सल. चाळीस रुपये, नव्वद रुपये. यातला एकही खर्च आठवत नव्हता, कारण त्यांतला एकही आठवण्याएवढा मोठा नव्हता.

या पाकिटात मुद्दाम पाचशेच्या दहा नोटा घातल्या, आणि त्यालाही आधार आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ साली दाखवलं की तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असली तर माणसं ती मोडायला कचरतात आणि सुट्ट्या पैशांत असली तर सहज खर्चतात. किराण्यात मोड हवी, कारण तो खर्च व्हायचाच आहे. इथे मोठी नोट हवी, कारण तिने आपल्याला दोन क्षण थांबवायचं आहे.

दहा नोटांची वाटणी अशी. एक तारखेला आणि सोळा तारखेला मी आणि नवरा एकेक नोट घेतो. ती आमच्या पंधरा दिवसांच्या चहा-नाश्त्याची. अशा चार गेल्या. उरल्या सहा, त्या तीन बाहेरच्या जेवणांच्या.

पहिल्याच महिन्यातल्या १९ तारखेची संध्याकाळ. पाऊस लागला होता, घरी यायला उशीर झाला होता, आणि मुलगी म्हणाली, "आई, पावभाजी मागव ना." मी कपाटातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. आत दोन नोटा होत्या आणि महिन्याचे बारा दिवस. तिने नोटा काढल्या, परत घातल्या, आणि विचारलं, "आजीचा वाढदिवस सव्वीसला ना?" त्या रात्री मुगाची खिचडी झाली. सव्वीसला आम्ही चौघं जेवायला गेलो.

त्या संध्याकाळी मला या पद्धतीचं मर्म कळलं. फोन हातात असता तर प्रश्न पडला असता, 'परवडतं का?' आणि खात्यात पगाराचे पैसे असताना चारशे रुपयांची पावभाजी नेहमीच परवडते. पाकिटाने विचारलं, 'याच्या बदल्यात काय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिनाअखेरीपर्यंत 'हो' असंच येत राहतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सातवीतली मुलगीही देऊ शकते, कारण तिच्यासमोर दोनच नोटा आहेत आणि तिला आजीचा वाढदिवस हवा आहे.

याच पाकिटाचा एक धोका ओळखून ठेवावा. पैशाला 'बाहेरचं खाणं' असं नाव दिलं की तो खाण्यावरच उडवायचा, असंही मन ठरवून टाकतं. एक तारखेला भरलेलं पाकीट परवानगीसारखं वाटतं, आणि तिसाव्या दिवशी नोट उरली तर ती 'संपवायला' आपण बाहेर पडतो. ज्या भिंतीने पैसा जाण्यापासून अडवला, तीच भिंत त्याला दुसऱ्या चांगल्या कामाला जाण्यापासूनही अडवते. म्हणून आम्ही ठरवलं की उरलेली नोट याच पाकिटात पुढच्या महिन्याला राहील, आणि तीन नोटा साठल्या की घरच्या सगळ्यांनी मिळून त्यांचं काय करायचं ते ठरवायचं.

पेट्रोल: खरं सांगणारं पाकीट

पेट्रोलचं पाकीट रिकामं झालं म्हणून नोकरीवर जाणं थांबत नाही. मग इथे पाकिटाने करायचं काय?

आम्ही आधी कागदावर हिशेब केला. स्कूटर रोज २२ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ५२८ किलोमीटर. लिटरला ४४ चं अ‍ॅव्हरेज, म्हणून १२ लिटर. गाडी दर रविवारी ६० किलोमीटर, महिन्याचे २४०, लिटरला १५ धरले तर १६ लिटर. एकूण २८ लिटर. लिटरला १०५ रुपये भाव धरला तर २,९४०. पण आमचा खर्च ४,३०० होता, म्हणजे जवळजवळ ४१ लिटर. तेरा लिटर पेट्रोल दर महिन्याला कुठे जळत होतं, हे घरातल्या कुणालाच सांगता येईना.

ते लपायला पंपावरची आपली सवय कारण आहे. आपण 'दोनशेचं टाका', 'पाचशेचं टाका' असं रुपयांत मागतो. भाव चढो की उतरो, आपल्या तोंडी आकडा तोच असतो, आणि लिटर कधी मोजलेच जात नाहीत. म्हणून पेट्रोलच्या पाकिटाच्या पाठीवर चार रकाने आखले: तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये. गाडीची टाकी पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, की खरं अ‍ॅव्हरेज निघतं.

दोन नोंदींतच चोर सापडला. रविवार सोडून इतर दिवशी गाडी शहरातल्या शहरात रोज साडेचार-पाच किलोमीटर फिरत होती: मुलीचा क्लास, औषधं आणि मोठ्या दुकानातली खरेदी. गर्दीत, सिग्नलवर थांबत जाताना ती लिटरला जेमतेम दहा देत होती. महिन्याचे सुमारे १३० किलोमीटर, आणि तेवढेच ते तेरा लिटर.

त्यातली एक फेरी मी समोर मांडून पाहिली. तीन किलोमीटरवरच्या दुकानात तेलाचा डबा कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा चाळीस रुपयांनी स्वस्त मिळायचा. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, म्हणजे ०.६ लिटर, म्हणजे ६३ रुपये. किराण्याच्या पाकिटाने चाळीस रुपये वाचवले आणि पेट्रोलच्या पाकिटाने त्रेसष्ट मोजले. एकट्या किराण्याच्या पाकिटाकडे पाहिलं तर मी काटकसर करत होते.

मनातली भिंत अशी आंधळी असते, याचा पुरावा अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवरच मिळालेला आहे. तिथे साधं आणि महागडं प्रीमियम असे पेट्रोलचे प्रकार शेजारीशेजारी मिळतात. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी २०१३ मध्ये दाखवलं की पेट्रोलचा भाव चढला की लोक प्रीमियमवरून साध्यावर उतरतात, आणि तेही त्यांच्या एकूण उत्पन्नाला बसलेल्या फटक्याच्या मानाने कितीतरी जास्त प्रमाणात. तेवढाच फटका दुसऱ्या कुठल्या कारणाने बसला असता तर पेट्रोलचा प्रकार इतक्यांनी बदलला नसता. त्या पंपांवर कुणाच्याही हातात पाकीट नव्हतं. पण डोक्यातलं 'पेट्रोल' नावाचं पाकीट हलकं झालं होतं आणि काटकसर त्याच्याच आत शोधली जात होती.

म्हणून पेट्रोलचं पाकीट एकटं पाहू नये, तिन्ही शेजारी मांडून पाहावीत. पहिल्या महिन्यात २३ तारखेला या पाकिटात ३०० उरले होते. स्कूटरचे कामाचे आठ दिवस बाकी होते, म्हणजे १७६ किलोमीटर, चार लिटर, ४२० रुपये. सव्वाशे कमी पडत होते. किराण्याच्या शेवटच्या पाकिटातून दोनशे काढले आणि त्यात चिठ्ठी ठेवली: 'पेट्रोलला २०० दिले, ता. २३.' अशी उसनवारी चालते. चिठ्ठीशिवाय मात्र चालत नाही, कारण चिठ्ठी नसली तर भिंत कुठे पडली तेच पुढे आठवत नाही. पुढच्या महिन्यापासून क्लासला मुलगी सायकलने जाऊ लागली, तेल वाण्याकडून येऊ लागलं आणि पेट्रोलचा खर्च ३,१५० वर आला. पाकिटाने कुणालाच अडवलं नाही. त्याने फक्त तेरा लिटर दाखवले.

फोनने दिलेले पैसे, आणि वर्षाची बेगमी

कितीही ठरवलं तरी महिन्यात चार-पाच वेळा पैसे फोनने जातातच. खिशात नोट नसते किंवा जेवण घरपोच मागवलेलं असतं. यासाठी चौथं पाकीट केलं. फोनने भाजीचे १८० दिले तर त्याच रात्री किराण्याच्या पाकिटातून १८० काढून या चौथ्यात टाकायचे. महिनाअखेरीला त्यात जे साठतं तेवढी रक्कम पुढच्या वेळी बँकेतून कमी काढायची. हे त्याच रात्री झालं पाहिजे. 'रविवारी एकदम करू' म्हटलं की तीन खर्च विसरतात आणि पाकिटात उरलेला आकडा खोटा होतो. उरलेला आकडा खोटा झाला की पाकीट म्हणजे नुसता कागद.

दुसरी गळती उन्हाळ्यात कळली. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे तांदूळ, गहू, मिरची, हळद, मसाला घरात येतो, आणि ती बेगमी कुठल्याच महिन्याच्या पाकिटात बसत नाही. आमच्याकडे ती साधारण १२,००० ची असते, म्हणून आता महिन्याला १,००० रुपये तिच्यासाठी बाजूला जातात. पण ते पाकिटात नाही, बँकेतल्या आवर्ती ठेवीत. घरात वर्षभर पडलेल्या रोकडीला व्याज नाही आणि चोरीची भीती आहे. पाकीट महिन्याच्या आतल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि हाताबाहेर जाणाऱ्या खर्चांसाठी आहे. हप्ता, विमा, फी यांना त्याचा काही उपयोग नाही, कारण ते खर्च दुकानासमोर उभं राहून ठरत नसतात.

पहिल्या महिन्याच्या शेवटच्या रात्री मुलीने तिन्ही पाकिटं जेवणाच्या टेबलावर उलटी केली. किराण्याच्या शेवटच्या पाकिटातून पन्नासची एक नोट आणि माझी चिठ्ठी पडली. पेट्रोलमधून ऐंशी रुपये निघाले. बाहेरच्या खाण्यातून काहीच पडलं नाही. तिने ते पुन्हा झटकलं, बोट घालून पाहिलं, आणि वहीत त्या नावापुढे शून्य लिहिलं. वर चिकटवलेलं नाणं तिच्या अंगठ्याखाली होतं. महिनाभर ते प्रत्येकाच्या बोटांना लागलं होतं, आणि तो रुपया त्यातच धरायला हवा, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.